टकलावरची न भरणारी जखम आणि त्वचेचा कॅन्सर: पुण्यातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

टकलावर एक खपली आहे. किती दिवस वाट बघायची?

चार आठवडे, त्याहून जास्त नाही.

डोक्याच्या कातडीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथली जखम लवकर भरते. कपाटाचं दार लागलं, न्हाव्याचा वस्तरा लागला, कंगव्याचा दात रुतला, तरी आठ-पंधरा दिवसांत कातडी पूर्ववत होते. मधुमेह असेल तर आणखी आठवडाभर धरा. महिना उलटला आणि जागा अजून ओली, खपलीची किंवा दुखरी आहे, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण हे कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत.

काही बाबतीत चार आठवडेही थांबू नये. गाठ आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसते, हात न लावता रक्त येतं, नवा काळा डाग पसरतोय, किंवा मार लागलेला नसताना जांभळट डाग आला आणि मोठा होतोय, तर त्याच आठवड्यात जा.

मध्येच बरी होते, मग परत येते. म्हणजे बरी होतेय ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. खपली धरते, आंघोळीच्या वेळी निघते, खाली गुलाबी कातडी दिसते, चार दिवस बरं वाटतं. मग त्याच जागी पुन्हा खपली. घरचे म्हणतात, ‘सुकत आलीये, हात लावू नका.’ साध्या जखमेत प्रत्येक वेळची खपली आधीपेक्षा लहान होते आणि शेवटी येतच नाही. ज्या जागी ती तेवढीच किंवा थोडी मोठी होऊन परत येते, तिथे वरून सुकतंय आणि खालून पेशी वाढतायत, अशी शक्यता असते.

म्हणून खपली आहे की नाही यापेक्षा दोन गोष्टी बघा: जागा तीच आहे का, आणि खपली निघाल्यावर खाली काय दिसतं.

आपल्या लोकांना त्वचेचा कॅन्सर होत नाही असं ऐकलंय.

गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे तो खूपच कमी होतो, हे खरं आहे. कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरणं बरीच अडवतं. पण कमी होतो म्हणजे होतच नाही असं नाही, आणि टक्कल ही शरीरावरची सर्वांत जास्त ऊन खाणारी जागा आहे. दुपारचं ऊन चेहऱ्यावर तिरकं पडतं, डोक्यावर सरळ. केस गेले की त्या जागेचं नैसर्गिक छत्र गेलं. तिशीत टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्याने सत्तरीपर्यंत चाळीस वर्षांचं ऊन सोसलेलं असतं.

पुण्यात मार्च ते मे या काळात दुपारचा अतिनील निर्देशांक बरेचदा दहा-अकराच्या वर असतो. जागतिक मोजपट्टीवर अकरा आणि त्यापुढचा आकडा ‘अत्यंत तीव्र’ गटात मोडतो. हवा कोरडी आणि संध्याकाळ गार असल्यामुळे ऊन बाधत नाही असं वाटतं, पण उकाडा आणि अतिनील किरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घाऱ्या डोळ्यांच्या, उन्हात काळवंडण्याऐवजी लाल होणाऱ्या माणसांनी तर ‘आपल्याला होत नाही’ या समजावर अजिबात विसंबू नये.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे. लहानपणी डोक्यावर उकळतं पाणी सांडलं किंवा भाजलं, तिथे केस उगवले नाहीत आणि चकचकीत व्रण राहिला. अशा जुन्या व्रणात वीस-तीस वर्षांनी जखम उघडली आणि भरेना झाली, तर बायॉप्सी करायलाच हवी. ही शक्यता बायकांनाही लागू आहे.

नेमकं काय दिसतं?

टकलावर न भरणाऱ्या जखमेच्या रूपात मुख्यतः दोन कॅन्सर येतात.

पहिला स्क्वेमस सेल कार्सिनोमा. जाड, पिवळट-तपकिरी खपली, खाली लालसर ओली जागा, कडा उचललेल्या. बोटांत धरली तर बूड कडक लागतं. काही वेळा खपली वाढून छोट्या शिंगासारखी टोकदार होते. हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढतो. थोड्या रुग्णांमध्ये कानापुढच्या, कानामागच्या किंवा मानेच्या लसिका ग्रंथींत पोचतो, आणि तिथे गाठ हाताला लागते.

दुसरा बेसल सेल कार्सिनोमा. हा सावकाश, वर्षानुवर्षं वाढतो आणि दुसरीकडे पसरणं फारच दुर्मीळ. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी, तुकतुकीत असतो. आपल्या सावळ्या कातडीवर बरेचदा काळपट-निळसर दिसतो, म्हणून लोक ‘तीळ आहे’ म्हणून सोडून देतात. मधोमध खड्डा पडून रक्त येतं, कडेला चकचकीत, किंचित उंच काठ असतो. तीळ रक्ताळत नाही आणि मधून पोखरला जात नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

मेलॅनोमा आपल्याकडे दुर्मीळ आहे आणि झालाच तर बहुधा तळपाय किंवा तळहातावर. टकलावर मात्र नवा, वेडावाकडा, एकाहून जास्त रंगछटा असलेला काळा डाग आला तर तो विसरू नका. वर जो जांभळट डाग म्हटला तो अँजिओसार्कोमा असू शकतो. फार विरळा, पण वेगाने वाढणारा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ‘मुका मार लागल्यासारखं’ काहीतरी पंधरा दिवसांत ओसरत नसेल, तर मार कधी लागला होता हे आठवत बसू नका.

जखम नाही, पण टक्कल खरखरीत लागतं. तेही कॅन्सर का?

नाही, पण दाखवण्यासारखं आहे. पॉलिश पेपरवरून बोट फिरवावं तसे खरखरीत ठिपके, दिसण्यापेक्षा हाताला जास्त जाणवणारे, यांना अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. उन्हाने पेशी बिघडल्या आहेत, पण त्या अजून वरच्याच थरात आहेत. यातले बहुतेक ठिपके तसेच राहतात, काही आपोआप जातात, थोडे पुढे स्क्वेमस सेल कार्सिनोमा होतात. कोणता होणार हे आधी कळत नाही. द्रव नायट्रोजनने गोठवून किंवा फ्लुरोयुरासिलचं मलम काही आठवडे लावून ते घालवता येतात. मलमाने टक्कल लाल होतं, सोलतं, आणि रुग्ण घाबरून मध्येच थांबवतात. ती लाली म्हणजे औषध लागू पडल्याची खूण असते, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या. ठिपका जाड झाला, दुखू लागला, रक्ताळला, तर तो ठिपका राहिलेला नाही असं समजून लगेच दाखवा.

हेल्मेट घासून झालं असेल तर?

असू शकतं, आणि हे तपासायचा सोपा मार्ग आहे. हेल्मेटची पट्टी जिथे टेकते तिथेच जखम आहे का ते बघा. आतलं अस्तर मऊ करा, किंवा तीन आठवडे बसने नाहीतर रिक्षाने जा. घासल्यामुळे झालेली जखम तेवढ्यात भरते. भरली नाही, तर हेल्मेट फक्त तिला खरचटवत होतं, ती मुळात दुसऱ्या कशामुळे आली आहे. पुण्यात जवळजवळ सगळेच दुचाकीवर असल्यामुळे हे कारण पटकन सुचतं आणि त्यात महिने जातात. कंगवा, न्हावी, कलप ही कारणंही याच पद्धतीने पारखा: कारण बंद करा, तारीख लिहून ठेवा, तीन आठवड्यांनी बघा.

घरी कसं तपासायचं?

आपलं टक्कल आपल्यालाच दिसत नाही, ही मोठी अडचण. दुसऱ्याची मदत घ्या किंवा मोबाइलने वरून फोटो काढा.

खपली नखाने उचकटू नका. रात्री खोबरेल तेल लावून ठेवा, सकाळी कोमट पाण्याने भिजवा. जी सुटेल ती सुटू द्या, बाकीची राहू द्या. मग खिडकीच्या उजेडात बघा: खाली सपाट गुलाबी कातडी आहे की ओलसर, दाणेदार जागा? कडा आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आहेत की उचललेल्या? बोटाने हलकेच चाचपा, बूड मऊ आहे की कडक? जखमेशेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा, म्हणजे मिलिमीटर दिसतील. दर रविवारी तसाच, त्याच उजेडात. चार फोटो ओळीने लावले की वाढ आहे की घट, हे वाद न घालता कळतं. डॉक्टरांनाही या फोटोंचा फार उपयोग होतो.

शेवटी कानाच्या पुढे, कानामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि मानेच्या मागे वरच्या भागात बोटं फिरवा. वाटाण्याएवढी किंवा मोठी, कडक, न दुखणारी गाठ लागली तर तसं सांगा.

मेडिकलमधून मलम आणून लावलं तर काय बिघडतं?

वेळ जातो आणि चित्र पुसलं जातं. दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच ‘गजकर्णाच्या’ ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज कमी होते, रुग्णाला बरं वाटतं. कॅन्सरच्या पेशींवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. नंतर डॉक्टरांसमोर जी जखम येते ती मूळची राहिलेली नसते. हळद, कोरफड, तुरटी यांनीही तेच होतं. हळदीने तर कडांचा रंगच दिसेनासा होतो. फॅमिली डॉक्टरांनी एखादं अँटिबायोटिक मलम दिलं तर ते सांगितले तेवढे दिवस जरूर लावा, पण ते संपल्यावर जखम तशीच असेल तर दुसरं मलम मागू नका. बायॉप्सी करायची का, हे विचारा.

एखादं उदाहरण सांगाल?

अनेक रुग्णांच्या हकिगतींवरून बेतलेलं एक सांगतो.

सिंहगड रस्त्याला राहणारे एकाहत्तर वर्षांचे काका. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या कामांवर, उघड्यावर. टक्कल पस्तिशीपासून. जानेवारीत माथ्यावर खपली आली. काकू म्हणाल्या, ‘अहो, हेल्मेट लागलं असणार’, आणि हळद लावली. फेब्रुवारीत फॅमिली डॉक्टरांनी दहा दिवसांचं अँटिबायोटिक मलम दिलं. त्या वेळी जखम आठ मिलिमीटरची होती. थोडी सुकली म्हणून काका परत गेले नाहीत. मार्चमध्ये मेडिकलमधून ट्यूब आणली, लाली गेली. एप्रिलअखेर उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले. मग मुलगी त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेली.

खपली भिजवून काढल्यावर खाली चौदा मिलिमीटरची जागा निघाली, कडा उचललेल्या, बूड कडक. मानेत गाठी नव्हत्या. कडेवरून चार मिलिमीटरचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड, म्हणजे पेशी अजून मूळच्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या.

आता आकडे बघा. कॅन्सर काढताना भोवतालची थोडी निरोगी दिसणारी कातडीही काढतात. चौदा मिलिमीटरच्या गाठीभोवती सहा मिलिमीटर सोडले तर वर्तुळ सव्वीस मिलिमीटरचं होतं. टकलाची कातडी ताणत नाही, त्यामुळे एवढी जागा नुसती ओढून शिवता येत नाही. शेजारची कातडी फिरवून किंवा मांडीची पातळ कातडी लावून ती झाकावी लागली. फेब्रुवारीतल्या आठ मिलिमीटरभोवती चार मिलिमीटर पुरले असते, तर वर्तुळ सोळाचं झालं असतं आणि बहुधा सरळ टाके घालून काम झालं असतं. अडीच महिन्यांच्या उशिराने काकांचा जीव धोक्यात आला नाही, पण शस्त्रक्रिया बरीच मोठी झाली. हा कॅन्सर मानेत पोचल्यावर येणाऱ्या माणसाचं गणित मात्र पुरतं वेगळं असतं.

बायॉप्सीने कॅन्सर पसरतो का? दुखतं का?

पसरत नाही. ही भीती घराघरांत आहे आणि तिच्यामुळे लोक महिनोन् महिने थांबतात, म्हणून स्पष्ट सांगतो: टकलावरच्या अशा जखमेची बायॉप्सी केल्याने कॅन्सर पसरत नाही.

भुलीचं इंजेक्शन देताना मिनिटभर चुणचुणतं, नंतर फक्त दाब जाणवतो. तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखाद-दोन टाके घालतात. सगळं वीस मिनिटांत. डोक्यातून रक्त जरा जास्त येतं, ते दहा-पंधरा मिनिटं दाबून धरलं की थांबतं. घरी गेल्यावर ओघळ आला तरी तेच करायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. रिपोर्ट बहुधा आठवडाभरात येतो. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती बंद करणं बायॉप्सीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

एक मर्यादा मात्र जाणून घ्या. तुकड्यात फक्त खपली आणि वरवरचा भाग आला तर रिपोर्टमध्ये निश्चित काही लिहिता येत नाही. रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर नाही’ आलं आणि जखम तरीही भरत नाही, तर पुन्हा, थोडी खोल, कडेवरून बायॉप्सी करून घ्यावी. हे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे, चांगले डॉक्टर स्वतःच तसं सुचवतात.

मग दुसरं काय असू शकतं?

पुष्कळ काही, आणि बहुतेक निरुपद्रवी. गोल, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी गाठ ही बहुधा साधी सिस्ट असते. तेलकट, वर चिकटवल्यासारखा दिसणारा तपकिरी मस हा वयाचा. सोरायसिस किंवा कोंड्याची खपली सहसा एका ठिपक्यापुरती नसते. एक आजार मात्र कॅन्सरसारखाच भासतो: इरोझिव्ह पस्ट्युलर डर्मॅटोसिस. ऊन खाल्लेल्या टकलावर मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर पू असलेल्या खपल्या येतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. तो तीव्र स्टेरॉइड मलमाने आटोक्यात येतो, पण ते मलम द्यायच्या आधी कॅन्सर नाही हे बायॉप्सीने पाहावं लागतं. आणि टकलावर अचानक आलेली घट्ट, न दुखणारी, न हलणारी गाठ कधी कधी शरीरातल्या दुसऱ्या कॅन्सरची असते. आधी कॅन्सर होऊन गेला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

पुण्यात कुठे जायचं?

जवळच्या कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे, म्हणजे त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल झालेल्या डॉक्टरांकडे. केस उगवून देणारं किंवा सौंदर्योपचाराचं प्रत्येक क्लिनिक त्वचारोगतज्ज्ञाचंच असतं असं नाही, पाटीवरची पदवी वाचा. खर्चाची अडचण असेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी जाऊन केसपेपर काढायचा, जुने कागद, चालू औषधांची यादी आणि लावलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबसुद्धा न्यायच्या. कॅन्सर निघालाच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवून मंजुरीची चौकशी करा.

कोणी चार आठवडेही थांबू नये?

किडनी किंवा दुसरा अवयव बदललेले, अझाथायोप्रिन किंवा सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेणारे, डोक्यावर पूर्वी किरणोपचार झालेले, जन्मतः पांढरी कातडी असलेले आणि आधी त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेले. यांनी दोन आठवड्यांतच दाखवावं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हे कॅन्सर लवकर वाढतात.

हेअर ट्रान्सप्लांट किंवा हेअर पॅच करायचा विचार आहे.

आधी टकलावरचा प्रत्येक खरखरीत, खपलीचा किंवा काळा डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. पॅच गोंदाने चिकटवलेला असतो, खालचं महिना-महिना दिसत नाही, आणि आलेली जखम गोंदाच्या अ‍ॅलर्जीच्या नावावर खपते. पॅच लावत असाल तर सर्व्हिसिंगला काढल्यावर त्याच वेळी टकलाचा फोटो काढून घ्या.

टोपी पुरेशी आहे का?

माथ्यासाठी हो. गांधी टोपी माथा झाकते, पण कान आणि मान उघडी राहतात, म्हणून शेतावर किंवा साइटवर काम असेल तर सगळीकडून काठ असलेली टोपी किंवा डोक्याला उपरणं बरं. जाळीच्या टोपीतून ऊन आत येतं. टोपी नसेल तेव्हा एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी, आणि घाम आला की पुन्हा. पर्वतीवर सकाळी सहाला जाऊन सातला परतणाऱ्यांनी याची चिंता करू नये. चिंता दहा ते चारच्या उन्हाची.

एकदा काढल्यावर पुन्हा होतो का?

त्याच जागी क्वचित होतो, पण शेजारी नवा होऊ शकतो, कारण ऊन सगळ्याच टकलाने खाल्लेलं असतं. रिपोर्टमध्ये ‘मार्जिन फ्री’ लिहिलं आहे का ते बघा. याचा अर्थ कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी नाहीत. नसेल लिहिलेलं तर पुन्हा थोडं काढायचं की किरणोपचार द्यायचे, याचा निर्णय लगेच घ्यावा लागतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमानंतर पहिली दोन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी डोकं आणि मान दोन्ही तपासून घ्यावी लागतात. मानेवरून हात फिरवायला डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करून द्या.